तिसरी घंटा यूट्यूबवर

२१ मे २०२१, शुक्रवार. भारतात सकाळचे साडेनऊ वाजले आणि दक्षिण कोरियाच्या बीटीएस या गटाचं ‘बटर’ हे गाणं यूट्यूबवर सुरू झालं. गाणं तीनेक मिनिटांचं. ते चालू असताना एका क्षणी त्या एकाच पानावर ३९ लाख लोक हजर होते. गिनीज बुकाने या आकड्याची विक्रम म्हणून नोंद केली. त्याच्या नऊ महिने आधी याच गटाच्या ‘डायनामाइट’ला तीस लाखांवर लोक जमले होते, म्हणजे स्वतःचाच विक्रम त्यांनी मोडला.

यात चमत्कारिक गोष्ट अशी की बघायला जमलेल्या कुणालाही घाई करायचं काही कारण नव्हतं. व्हिडिओ आधीच चित्रित होऊन, कापून-जोडून तयार होता. दुपारी बघितला असता तरी तोच दिसला असता, आणि आजही तोच दिसतो. तरीही कुणी कॉलेजचा तास बुडवून, कुणी मध्यरात्री जागं राहून त्या पानावर आलं, ते इतर लाखो लोक त्याच वेळी तेच बघत असणार म्हणून. यूट्यूबने या इच्छेसाठी एक सोय करून ठेवली आहे. तिचं नाव प्रीमियर. ती फक्त मोठ्या कलाकारांना नाही, कुठल्याही साध्या चॅनेलला फुकट वापरता येते. मराठीत नाटकवाले, गाणारे, लघुपट करणारे, गावाकडच्या उत्सवांचं चित्रण करणारे कितीतरी लोक ती वापरतात. मात्र बरेचदा ती केवळ दिसायला भारी म्हणून वापरली जाते आणि मग वेळ झाल्यावर पानावर चौदा माणसं असतात. त्यातली सहा घरचीच.

आधी ही सोय म्हणजे नेमकं काय, ते बघू. यूट्यूबवर व्हिडिओ टाकायच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली साधी: व्हिडिओ चढवला, प्रसिद्ध केला, ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा त्याने बघावा. दुसरी थेट प्रक्षेपणाची: कॅमेऱ्यासमोर घडतंय ते त्याच क्षणी दिसतंय, चुकलं तर चुकलं. प्रीमियर या दोन्हींच्या मधे बसतो. व्हिडिओ पूर्ण तयार असतो, पण तो ठरलेल्या वेळी सगळ्यांसाठी एकदमच सुरू होतो आणि शेजारी गप्पांची खिडकी उघडी असते. उशिरा आलेल्याला बाकीचे जिथवर पोचलेत तिथून बघावं लागतं. त्याला मागे जाऊन सुरुवात बघता येते, पण कुणालाच पुढे उडी मारता येत नाही. शेवट काय आहे हे आधी बघून येणारा आगाऊ प्रेक्षक त्यामुळे इथे नसतो. संपलं की तेच पान, त्याच लिंकवर, साध्या व्हिडिओचं पान होतं.

सुरू होण्याआधी पडद्यावर संगीतासह उलटी मोजणी येते. ठरवून बदलली नाही तर ती दोन मिनिटांची असते. नाटकाच्या तिसऱ्या घंटेचं काम ही दोन मिनिटं करतात. चहाचा कप ठेवून लोक आत येतात, खुर्च्या सापडतात, कुजबुज चालू असते आणि आता काहीतरी होणार हे सगळ्यांना कळतं. ही मोजणी मूळ व्हिडिओत धरली जात नाही. नंतर बघणाऱ्याला ती दिसत नाही.

ही सोय यूट्यूबने २०१८च्या जूनमध्ये जाहीर केली. तिची ताकद त्याच वर्षीच्या ३० नोव्हेंबरला दिसली. अरियाना ग्रांडे या अमेरिकन गायिकेचं ‘थँक यू, नेक्स्ट’ हे गाणं नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच आलं होतं आणि लोकांना पाठही झालं होतं. राहिला होता तो व्हिडिओ. त्यात चार जुन्या लोकप्रिय हॉलिवूडपटांची गमतीदार नक्कल होती, आणि चित्रीकरणाचे फोटो थोडे थोडे बाहेर सोडून ‘यात काय काय असेल’ याची चर्चा तिने तीन-चार आठवडे पेटती ठेवली. प्रीमियरच्या वेळी ८ लाख २९ हजार लोक एकदम हजर होते. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. गाणं आधी आलं, कुतूहल पुढचे काही आठवडे वाढत गेलं आणि प्रीमियर अगदी शेवटी झाला. लोक गोळा करायचं काम त्याआधीच उरकलं होतं.

‘बटर’च्या बाबतीत तर ही आखणी बघण्यासारखी होती. एप्रिलच्या अखेरीस गटाने यूट्यूबवर एक थेट प्रक्षेपण केलं. त्यात तासभर लोण्याचा एक चौकोनी तुकडा हळूहळू वितळत होता, एवढंच. एकही माणूस नाही, गाण्याची ओळही नाही. लाखो चाहते ते बघत बसले आणि गप्पांच्या खिडकीत तर्क लढवत राहिले. शेवटी कळलं ते गाण्याचं नाव आणि तारीख. पुढे फोटो आले, मग काही सेकंदांची झलक आली. म्हणजे तीन-साडेतीन आठवड्यांत प्रत्येक वेळी थोडंसंच दिलं, आणि दर वेळी तारीख आणि वेळ तीच सांगितली.

वेळही सहज म्हणून निवडलेली नव्हती. सोलमध्ये दुपारचा एक म्हणजे न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्रीचे बारा. अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीसाठी विक्री आणि स्ट्रीमिंगचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो. शुक्रवारच्या पहिल्या ठोक्याला गाणं आलं, तर त्याला मोजणीचे पूर्ण सात दिवस मिळतात. शिवाय कोरियात ती जेवणाच्या सुट्टीची वेळ, भारतात सकाळ, आणि अमेरिकेत तरुण मंडळी तेव्हा जागीच असतात. पहिल्या चोवीस तासांत व्हिडिओ दहा कोटींवर वेळा बघितला गेला.

आता हे सगळं आपल्या मापात आणू. समजा, सोलापूरच्या एका हौशी नाट्यसंस्थेने स्पर्धेत गाजलेली एकांकिका नीट चित्रित करून घेतली आहे. लांबी ४२ मिनिटं. चॅनेलचे सबस्क्रायबर अठराशे. त्यात निम्मे नाटकवाले, उरलेले नातेवाईक आणि परदेशी गेलेले जुने कलाकार. नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी रात्री आठला प्रीमियर करायचं ठरलंय.

पहिलं काम म्हणजे व्हिडिओ लवकर चढवणं. निदान एक-दोन दिवस आधी, ड्राफ्ट म्हणून. चढवल्यावर यूट्यूब त्या फाइलवर प्रक्रिया करतं, वेगवेगळ्या दर्जाच्या आवृत्त्या तयार करतं, आणि लांब, मोठ्या फाइलला त्यात बराच वेळ जातो. प्रक्रिया पुरी झाली नसेल तर प्रीमियर वेळेवर सुरू होत नाही. साडेसातला गडबडीत फाइल चढवणाऱ्यांची आठ वाजता जी धावपळ होते, ती यामुळे. लवकर चढवण्याचा दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. यूट्यूब कॉपीराइटची तपासणी चढवतानाच करतं. एकांकिकेत मागे रेडिओवर जुनं चित्रपटगीत वाजत असेल, तर त्यावर दावा येऊ शकतो. कधी मालक फक्त जाहिरातीचं उत्पन्न घेतो, कधी व्हिडिओच अडवतो. हे शनिवारी आठला कळण्यापेक्षा गुरुवारी दुपारी कळलेलं बरं. गुरुवारी ते गाणं काढून दुसरा आवाज टाकता येतो.

आणि याच टप्प्यावर संपूर्ण व्हिडिओ कुणीतरी फोनवर, हेडफोन लावून, एकदा बघितलाच पाहिजे. कारण यूट्यूबवर चढवलेली फाइल बदलता येत नाही. नावात चूक असली, आवाज एकाच कानात येत असला, तर नवी फाइल म्हणजे नवा व्हिडिओ आणि नवी लिंक. जुन्या लिंकवर ज्यांनी आठवण लावून ठेवली होती ते सगळे हातचे गेले.

मग वेळ लावायची. यूट्यूब स्टुडिओत दिसण्याचा पर्याय निवडताना Schedule या भागात तारीख आणि वेळ टाकायची आणि त्याखालच्या Set as Premiere या चौकोनात खूण करायची. ही खूण राहिली तर व्हिडिओ आठ वाजता साधाच प्रसिद्ध होतो. मोजणी नाही, गप्पांची खिडकी नाही. एकदा व्हिडिओ सार्वजनिक झाला की त्याचा प्रीमियर करता येत नाही.

खूण करून जतन केलं की त्या क्षणापासून पान सगळ्यांना दिसतं. शीर्षक, थंबनेल, माहिती, सगळं. फक्त व्हिडिओ चालत नाही. त्यामुळे शीर्षक आणि थंबनेल ‘नंतर सुधारू’ म्हणून तात्पुरतं टाकून ठेवू नये. पहिली छाप तीच पडते. प्रेक्षक पानावर येऊन Notify me दाबतो, आणि त्याला साधारण अर्धा तास आधी एक आणि सुरू होताना एक अशी सूचना मिळते. अनेकांचा इथे गैरसमज असतो. त्यांना वाटतं, यूट्यूब लोकांना आदल्या दिवशी आठवण करून देईल. नाही देणार. शनिवारची संध्याकाळ मोकळी ठेवायची असेल तर माणसाला गुरुवारी-शुक्रवारीच कळायला हवं. ते काम आपल्या व्हॉट्सअॅप गटांचं आणि फोनाफोनीचं. यूट्यूबची सूचना फक्त ‘चला, वेळ झाली’ एवढं सांगते. आणि तीही सगळ्या सबस्क्रायबरांना जात नाही, ज्यांनी घंटा चालू ठेवली आहे किंवा आठवण लावली आहे त्यांनाच जाते.

पान किती दिवस आधी उघडावं? ज्याच्यावर टिचकी मारली तर चालतच नाही असा व्हिडिओ यादीत दिसत राहिला की लोक वैतागतात. एकदा फसले की पुन्हा टिचकी मारत नाहीत. आमच्या संस्थेसाठी दोन ते तीन दिवस पुरेत, असं माझं मत. पंधरा दिवसांची हवा करायची असेल तर ती पोस्टर आणि झलकांवर करा, बंद दारावर नको. चॅनेलचे हजार सबस्क्रायबर असतील आणि चॅनेलवर नियमभंगाचा शिक्का नसेल, तर प्रीमियरच्या पानावरच पंधरा सेकंदांपासून तीन मिनिटांपर्यंतची झलक लावता येते. मग दार बंद असलं तरी आत डोकावायला खिडकी मिळते. आपल्या संस्थेकडे अठराशे आहेत, तेव्हा ही सोय वापरावीच. पण झलक म्हणून एकांकिकेतला सर्वांत जोरकस प्रसंग देऊ नये. सुरुवातीचा गोंधळ द्यावा आणि तो मिटण्याआधी कापावा.

वेळ ठरवताना परदेशातली मंडळी विसरू नयेत. शनिवारी रात्री आठ म्हणजे दुबईत साडेसहा, लंडनमध्ये दुपारचे अडीच, न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेनऊ, सिंगापुरात रात्रीचे साडेदहा. हे जमण्यासारखं आहे. सिडनीतल्या माणसाच्या घड्याळात मात्र रात्रीचा दीड वाजलेला असतो, त्याला सोडून द्यावं लागतं. यात एक खोच आहे. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. ऑक्टोबरात छापलेल्या पोस्टरवर ‘न्यूयॉर्क सकाळी १०.३०’ असं लिहिलं असेल, तर तिथला माणूस तासभर उशिरा येतो आणि त्याला रिकामं नाट्यगृह दिसतं. यूट्यूबचं पान ज्याला त्याला त्याच्या घड्याळाप्रमाणे वेळ दाखवतं. पोस्टरवर फक्त भारतीय वेळ आणि लिंक द्यावी, बाकी हिशेब पानावर सोडावा.

इथवर सगळी तयारी. खरी गंमत गप्पांच्या खिडकीत आहे, आणि तिथेच बहुतेक प्रीमियर फसतात.

थेट प्रक्षेपणात कलाकार अडकलेला असतो. गाता गाता त्याला प्रेक्षकांचे प्रश्न वाचता येत नाहीत. वाचायला गेला तर सूर हलतो. प्रीमियरमध्ये काम आधीच झालेलं असतं. लेखक, दिग्दर्शक, नट सगळे मोकळे असतात आणि प्रेक्षकांच्या रांगेत बसून त्यांच्याशी बोलू शकतात. नाट्यगृहात प्रयोग चालू असताना दिग्दर्शक तुमच्या कानाशी येऊन ‘हा दिवा त्या दिवशी गेला होता, म्हणून मेणबत्ती लावली’ असं सांगत नाही. इथे सांगू शकतो. प्रीमियर करण्याचं हेच खरं कारण. निर्माताच खिडकीत येणार नसेल तर हा खटाटोप व्यर्थ आहे. लोक एकमेकांना ‘हाय’ करतात, दोन अंगठे दाखवतात आणि गप्प होतात.

म्हणून आपल्या संस्थेतल्या दिग्दर्शकाने शुक्रवारी व्हिडिओ बघता बघता एका कागदावर मिनिटांसह वीस-पंचवीस ओळी लिहून ठेवाव्यात. सहाव्या मिनिटाला येणारी खुर्ची कुणाच्या घरून आणली. चौदाव्या मिनिटाचं वाक्य तालमीत कसं बदललं. एकोणतिसाव्या मिनिटाला नट खरोखरच का हसला. आयत्या वेळी सुचत नाही आणि टाइप करायलाही वेळ लागतो. एका संदेशात दोनशे अक्षरंच मावतात, तेव्हा ओळी आखूड हव्यात आणि आधीच फोनवर लिहून ठेवल्या तर फक्त चिकटवायच्या राहतात. ओळ त्या प्रसंगानंतर वीस-तीस सेकंदांनी टाकावी. कारण सगळ्यांचे पडदे तंतोतंत एका क्षणाला चालत नाहीत. इंटरनेटच्या वेगाप्रमाणे कुणी काही सेकंद पुढे असतो, कुणी मागे. पुढच्याने ‘अरे बापरे, तो परत आला!’ असं लिहिलं की मागच्याचा रसभंग होतो. निदान आपल्याकडून तो होऊ नये.

पहिली दहा मिनिटं, म्हणजे मोजणीच्या आधीची आणि त्यादरम्यानची, सर्वांत महत्त्वाची. पानावर किती जण थांबलेत तो आकडा दिसत असतो. रिकाम्या खिडकीत पहिला संदेश टाकायला माणूस बिचकतो. तेव्हा संस्थेतल्या चार-पाच जणांनी पावणेआठपासूनच तिथे असावं आणि येणाऱ्याला नावाने हाक मारावी. ‘कुठून बघताय?’ हा प्रश्न कितीही घासून गुळगुळीत झालेला असला तरी चालतो, कारण त्याचं उत्तर प्रत्येकाला येतं. एकाने ‘बार्शी’ लिहिलं, दुसऱ्याने ‘शार्जा’ लिहिलं की तिसऱ्याला बार्शीतला आपला मामा आठवतो आणि गप्पा लागतात. निर्मात्याला एक संदेश खिडकीच्या वर टाचून ठेवता येतो. तिथे कलाकारांची नावं किंवा ‘प्रयोग संपल्यावर दिग्दर्शक प्रश्नांना उत्तरं देतील’ असं काही लिहावं.

देखरेखीसाठी दोन मॉडरेटर आधीच नेमून ठेवावेत. नको ते संदेश काढणं, त्रास देणाऱ्याला लपवणं हे काम त्यांचं; दिग्दर्शकाने भांडत बसू नये. सेटिंग्जमध्ये अडवायच्या शब्दांची यादी देता येते. मराठी चॅनेलवाल्यांनी ती दोन्ही लिप्यांत भरावी, कारण आपल्याकडे शिवी देवनागरीपेक्षा रोमनमध्ये जास्त लिहिली जाते आणि तिची चार-पाच स्पेलिंग्ज चालतात. लिंका अडवण्याचाही पर्याय आहे. फुकट रिचार्ज आणि शेअर बाजाराच्या टिपा देणारे गर्दी दिसली की हजर होतातच. संदेश हळू येऊ देण्याची सोय, म्हणजे एकाने एक संदेश टाकला की पुढच्यासाठी ठरावीक सेकंद थांबायचं, ही हजारो लोक असतील तेव्हाच लावावी. शंभर-दीडशे माणसांत ती लावली तर चाललेल्या गप्पांना उगाच ब्रेक लागतो. आणखी एक गोष्ट विसरली जाते. पान उघडलं की खिडकीही उघडते, आठ वाजता नव्हे. गुरुवारपासून शनिवारपर्यंत तिथे कुणीही काहीही लिहू शकतं, तेव्हा अधूनमधून कुणीतरी नजर टाकायला हवी.

आता एका मोठ्या खड्ड्याबद्दल. समजा, संस्थेने एकांकिकेऐवजी बालनाट्य चित्रित केलं असतं. व्हिडिओ चढवताना यूट्यूब विचारतं, हा मुलांसाठी बनवलाय का? उत्तर ‘हो’ असलं की गप्पांची खिडकी बंद होते. व्हिडिओखालच्या प्रतिक्रियाही बंद होतात. मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा केल्याबद्दल २०१९मध्ये अमेरिकेत गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले. त्यानंतर, २०२०च्या जानेवारीपासून, जगभरात हा नियम लागू झाला. त्यामुळे बालनाट्याचा गप्पांसह प्रीमियर होऊच शकत नाही. ‘नाही’ असं खोटं उत्तर देऊन पळवाट काढणारे भेटतात, पण यूट्यूबला ते चुकीचं वाटलं तर तो ते स्वतःच बदलतो आणि चॅनेलवर कारवाईही करू शकतो. बालनाट्य साधंच प्रसिद्ध करावं.

दुसरी मर्यादा चित्राच्या दर्जाची. व्हिडिओ फोर-के असला तरी प्रीमियर चालू असताना तो जास्तीत जास्त १०८०पी इतकाच दिसतो, नंतर मूळ दर्जात मिळतो. फोनवर कुणाच्या लक्षातही येत नाही, पण छायाचित्रकाराला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो प्रीमियरभर उदास बसेल.

तिसरी मर्यादा माणसांच्या बघण्याच्या सवयींची आहे आणि ती मला सर्वांत जास्त विचार करायला लावते. फोन आडवा धरून पूर्ण पडद्यावर बघणाऱ्याला खिडकी दिसत नाही. घरच्या मोठ्या टीव्हीवर सगळे मिळून बघत असतील, तर रिमोटने टाइप करण्याइतका संयम कुणाकडे नसतो. म्हणजे जितकं तन्मय होऊन बघाल तितक्या गप्पा कमी. तीन मिनिटांच्या गाण्याला याने फरक पडत नाही. लोक गाणं पुन्हा बघणारच असतात, पहिल्यांदा गोंगाटात बघितलं तरी चालतं. पण शांत, दाट, प्रत्येक वाक्य ऐकावं लागणारी एकांकिका असेल तर शेजारी सरकत जाणाऱ्या ओळी हा त्रासच. २०२०च्या टाळेबंदीत न्यूयॉर्कच्या ट्रायबेकाच्या पुढाकाराने जगातल्या वीसेक चित्रपट महोत्सवांनी मिळून यूट्यूबवर दहा दिवसांचा ‘वी आर वन’ महोत्सव भरवला होता. मुंबईचा मामी महोत्सवही त्यात होता आणि प्रतीक वत्स यांचा ‘ईब आले ऊ!’ हा चित्रपट त्यात दाखवला गेला. नाट्यगृहं, चित्रपटगृहं बंद असताना ठरल्या वेळी सगळ्यांनी मिळून बघण्याला मोल होतं. आज पूर्ण लांबीच्या गंभीर चित्रपटाला ती पद्धत तशीच लावावी का, याबद्दल मला शंका आहे. अशा कामासाठी दिग्दर्शकाने प्रयोगभर गप्प राहून शेवटी बोलावं. मात्र प्रीमियर संपला की खिडकी बंद होते, तेव्हा शेवटच्या गप्पांसाठी दोन वाटा आहेत. एक, श्रेयनामावली चार-पाच मिनिटं लांबवायची आणि तेवढ्यात बोलून घ्यायचं. दुसरी, प्रश्न प्रतिक्रियांमध्ये विचारायला सांगून तासभर तिथे बसायचं. किंवा उलट करता येतं: आधी पंधरा मिनिटं थेट प्रक्षेपणात कलाकारांशी गप्पा आणि तिथून प्रेक्षकांना आपोआप प्रीमियरच्या पानावर पाठवणं. यूट्यूबमध्ये ही सोय आहे, हजार सबस्क्रायबरांची अट तिलाही आहे. सोलापूरच्या संस्थेसाठी मला हीच वाट सर्वांत पटते. नट मेकअपशिवाय समोर बसलेले बघून परदेशातला जुना सहकारी आधीच रमतो, आणि प्रयोग सुरू झाल्यावर गप्प बसून बघतो.

प्रीमियर झाला. जमला की नाही, कसं ओळखायचं? स्टुडिओच्या आकडेवारीत एका वेळी जास्तीत जास्त किती जण हजर होते ते दिसतं. तो आकडा सबस्क्रायबरांच्या तुलनेत लहानच असतो, त्याने खट्टू होऊ नये. अठराशेंपैकी ऐंशी-नव्वद जण एका वेळी आले, तर शनिवारच्या रात्री छोट्या नाट्यगृहाच्या पुढच्या रांगा भरल्यासारखंच आहे. त्या आकड्यापेक्षा तो कुठे घसरला ते बघावं. आठ वाजता ऐंशी आणि आठ-पाचला पस्तीस, याचा अर्थ लोक तुमच्या शब्दाखातर आले आणि सुरुवातीने त्यांना धरलं नाही. असं झालं तर पुढच्या वेळी जाहिरात वाढवून उपयोग नाही, संकलनात सुरुवात कापावी लागेल. आठला तीस आणि साडेआठलाही तीस, म्हणजे काम चांगलं आहे, पण आमंत्रणं पोचली नाहीत. खिडकीतल्या ओळीही नंतर निवांत वाचाव्यात. त्या व्हिडिओबरोबर साठवल्या जातात आणि नंतर बघणाऱ्यालाही ज्या त्या क्षणाला दिसतात. कोणत्या वाक्याला एकदम पंधरा जण हसले, कुठे तीन मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही. नाट्यगृहात हे विंगेतून ऐकून अंदाजाने कळतं, इथे ते मिनिटासह लिहिलेलं असतं. (शांतता नेहमीच वाईट नसते, हेही नाटकवाल्याला सांगायला नको.)

शेवटी, कशाचा प्रीमियर करू नये. आठवड्याच्या नेहमीच्या व्हिडिओचा नको. पाककृती, फोन दुरुस्ती, स्पर्धा परीक्षेचा तास यांचा तर मुळीच नको, कारण अशा व्हिडिओकडे माणूस गरज पडेल तेव्हा येतो आणि त्याला पुढे उडी मारून हवं तेवढंच बघायचं असतं. चॅनेल अगदी नवं असेल, ओळखीचे प्रेक्षक नसतील, तरीही नको. प्रीमियर माणसं आणत नाही, असलेली माणसं एका वेळेला एकत्र बसवतो. वर्षातून एखाद-दुसरं काम असं असतं की ज्याची काही माणसं खरोखर वाट बघत असतात. त्यासाठी ही सोय ठेवावी. आणि त्या संध्याकाळी तासभर खिडकीत बसून बोलायची तयारी नसेल, तर Set as Premiereची खूण करू नका. वेळ लावून व्हिडिओ साधाच प्रसिद्ध करा.